विद्युत अपघटन: कोणत्या इलेक्ट्रोडवर काय मिळेल आणि का, हे एका ओळीत कसं लिहायचं

'मिठाच्या संहत जलीय द्रावणाचं कार्बनचे इलेक्ट्रोड वापरून विद्युत अपघटन केलं. प्रत्येक इलेक्ट्रोडवर कोणता पदार्थ मिळेल? एका ओळीत कारण द्या.'

हा प्रश्न पहिल्यांदा सोडवणारी बरीच मुलं लिहितात: 'ऋणाग्रावर सोडिअम, कारण सोडिअमचा आयन धन असतो. धनाग्रावर क्लोरिन, कारण क्लोराइडचा आयन ऋण असतो.' क्लोरिन बरोबर आहे, सोडिअम चूक आहे. पण मला जास्त खटकतं ते कारण. धन आयन ऋणाग्राकडे जातो हे खरंच आहे, पण तिथे पोचणारा तो एकटा नसतो. तिथे कोण कोण होतं आणि त्यातलं नेमकं कोण बदललं, हे त्या ओळीत कुठेच येत नाही.

म्हणून मी मुलांना सुरुवातीलाच एक नियम देतो. कारणाच्या ओळीत दोन नावं हवीत: जो बदलला तो, आणि जो बदलू शकला असता पण मागे राहिला तो. 'अमक्यापेक्षा तमका सहज इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून तमका.' दुसरं नाव सापडत नसेल, तर तुलना न करताच उत्तर लिहिलं गेलंय असं समजा. खालच्या सगळ्या पायऱ्या ही दोन नावं शोधण्यासाठीच आहेत.

आधी प्रश्नातले तीन शब्द अधोरेखित करा

पेन्सिल घेऊन तीन गोष्टी शोधायच्या. पदार्थ वितळलेला आहे की पाण्यात विरघळवलेला? इलेक्ट्रोड कशाचे आहेत? द्रावण संहत आहे की विरल? या तिन्हींतली एक जरी बदलली, तरी त्याच क्षाराचं उत्तर बदलू शकतं.

सगळ्यात मोठा फरक पहिल्या गोष्टीने पडतो. वितळलेल्या मिठात फक्त Na⁺ आणि Cl⁻ असतात. स्पर्धाच नाही, त्यामुळे ऋणाग्रावर सोडिअम आणि धनाग्रावर क्लोरिन मिळतो. मीठ पाण्यात टाकलं की स्पर्धेत पाणी उतरतं आणि चित्र पालटतं. हंफ्री डेव्हीलाही हाच अनुभव आला होता. पोटॅशच्या जलीय द्रावणातून वीज सोडली तेव्हा त्याला हायड्रोजन आणि ऑक्सिजनच मिळाले. १८०७ मध्ये त्याने जेमतेम ओलसर पोटॅश वितळवून त्यातून वीज सोडली, तेव्हा कुठे पोटॅशिअम हाती लागलं, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत सोडिअमही.

हजेरीपट लिहा

आता द्रावणात कोण कोण आहे ते लिहायचं: क्षाराचा धन आयन, क्षाराचा ऋण आयन, आणि पाणी. पाणी विसरायचं नाही. सुरुवातीच्या चुकांपैकी निम्म्या मला इथेच होताना दिसतात.

शाळेच्या पुस्तकांत पाण्याऐवजी बऱ्याचदा H⁺ आणि OH⁻ लिहिलेले असतात. त्याने पदार्थ बरोबरच येतो, त्यामुळे ते लिहिलंत तरी चालेल. फक्त खरं चित्र डोळ्यांपुढे असू द्या. एक लीटर उदासीन पाण्यात H⁺ आयन एका मोलचा एक कोटीवा भाग इतकेच असतात, तर पाण्याचे रेणू सुमारे ५५ मोल असतात. म्हणून उदासीन द्रावणात इलेक्ट्रॉन घेतं ते मुख्यतः पाणीच. द्रावण आम्लधर्मी असेल तर ऋणाग्राच्या बाजूला H⁺ लिहा. आम्लारिधर्मी असेल तर धनाग्राच्या बाजूला OH⁻ लिहा. एरवी दोन्हीकडे H₂O.

ऋणाग्र: इलेक्ट्रॉन कोण घेणार?

ऋणाग्रावर बॅटरीकडून इलेक्ट्रॉन येतात. ते घेणं म्हणजे क्षपण. धातूचा आयन आणि पाणी यांत जो जास्त सहज इलेक्ट्रॉन घेईल, त्याचा पदार्थ मिळतो.

दहावीत धातूंची अभिक्रियाशीलता श्रेणी शिकवतात, ती इथे उलटी वाचायची. धातू जितका अभिक्रियाशील, तितकं त्याला इलेक्ट्रॉन देणं सोपं, आणि म्हणून त्याच्या आयनाला इलेक्ट्रॉन परत घेणं तितकंच अवघड. पोटॅशिअम, सोडिअम, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, ॲल्युमिनिअम या वरच्या धातूंच्या जलीय द्रावणातून धातू मिळत नाही, हायड्रोजन मिळतो. तांबं, चांदी, सोनं हे हायड्रोजनच्या खालचे. त्यांचा धातूच इलेक्ट्रोडवर जमतो.

जस्त, लोखंड, निकेल, शिसं हे मधले धातू नवख्यांना गोंधळात टाकतात. त्यांच्याकडे शेवटी येऊ.

धनाग्र: आधी इलेक्ट्रोडकडे बघा

धनाग्रावरून इलेक्ट्रॉन बाहेर जातात. इलेक्ट्रॉन देणं म्हणजे ऑक्सिडीकरण. इथे पहिला प्रश्न द्रावणाचा नाही, इलेक्ट्रोडचा आहे: हा इलेक्ट्रोड स्वतःच विरघळेल का? तो तांब्याचा किंवा चांदीचा असेल, तर त्याचे अणू पाण्यापेक्षा सहज इलेक्ट्रॉन देतात. मग कोणताही वायू सुटत नाही, इलेक्ट्रोडच झिजतो.

इलेक्ट्रोड कार्बनचा किंवा प्लॅटिनमचा असेल तर ऋण आयन बघायचा. आयोडाइड, ब्रोमाइड किंवा संहत क्लोराइड असेल तर अनुक्रमे आयोडीन, ब्रोमीन, क्लोरिन मिळतो. सल्फेट किंवा नायट्रेट असेल तर पाण्यातून ऑक्सिजन.

सल्फेट का हरतं हे समजून घ्या, कारण इथे 'सल्फर डायऑक्साइड' असं उत्तर बऱ्याच वहीत दिसतं. SO₄²⁻ मधला गंधक +6 या ऑक्सिडीकरण स्थितीत आहे. त्याच्याकडे द्यायला इलेक्ट्रॉन उरलेलेच नाहीत. सल्फर डायऑक्साइड होण्यासाठी त्याला उलट इलेक्ट्रॉन घ्यावे लागतील, आणि धनाग्रावर इलेक्ट्रॉन घेण्याची क्रिया होत नाही. नायट्रेटमधला नायट्रोजनही असाच आपल्या सर्वोच्च, +5 या स्थितीत असतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत: मोरचूद

कॉपर सल्फेट, म्हणजे मोरचूद. त्याचं जलीय द्रावण आणि कार्बनचे इलेक्ट्रोड.

हजेरीपट: Cu²⁺, SO₄²⁻, H₂O.

ऋणाग्रावर Cu²⁺ आणि पाणी यांच्यात स्पर्धा आहे. तांबं हायड्रोजनच्या खालचं, म्हणून Cu²⁺ जिंकतो:

Cu²⁺ + 2e⁻ → Cu

धनाग्रावर कार्बन विरघळत नाही. SO₄²⁻ आणि पाणी यांत पाणी सहज इलेक्ट्रॉन देतं:

2H₂O → O₂ + 4H⁺ + 4e⁻

आता कारणाच्या ओळी. ऋणाग्र: 'पाण्यापेक्षा Cu²⁺ सहज इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून तांबं.' धनाग्र: 'SO₄²⁻ पेक्षा पाणी सहज इलेक्ट्रॉन देतं, म्हणून ऑक्सिजन.' दोन्ही ओळींत दोन नावं आहेत.

इथे थांबू नका. द्रावणात काय उरलं तेही पाहा, कारण उत्तराची पडताळणी तिथेच होते. Cu²⁺ संपत चालले, H⁺ तयार होत गेले, SO₄²⁻ जागच्या जागी राहिले. म्हणजे द्रावण हळूहळू सल्फ्युरिक आम्लाचं होतं. प्रत्यक्ष प्रयोगात निळा रंग फिका होत जातो, ऋणाग्रावर आधी गुलाबीसर आणि मग तपकिरी थर चढतो, धनाग्रावर बारीक बुडबुडे दिसतात. निळा लिटमस द्रावणात बुडवला तर तांबडा होतो. पण एक लक्षात ठेवा, मोरचुदाचं द्रावण मुळातच थोडं आम्लधर्मी असतं, म्हणून एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. रंग फिका होणं हा जास्त भरवशाचा पुरावा.

थोडा हिशेब करू. ०.२ अँपिअर प्रवाह १६ मिनिटं ५ सेकंद, म्हणजे ९६५ सेकंद, वाहिला. एकूण प्रभार १९३ कूलोम. एक मोल इलेक्ट्रॉनचा प्रभार सुमारे ९६,५०० कूलोम, म्हणजे इथे ०.००२ मोल इलेक्ट्रॉन वाहिले. तांब्याच्या एका आयनाला दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून ०.००१ मोल, सुमारे ६३.५ मिलिग्रॅम तांबं जमलं. ऑक्सिजनच्या एका रेणूमागे चार इलेक्ट्रॉन, म्हणून ०.०००५ मोल, खोलीच्या तापमानाला साधारण १२ मिलिलीटर. दोन्ही बाजूंना इलेक्ट्रॉनची संख्या तीच असली पाहिजे. अर्ध्या समीकरणात एकीकडे 2e⁻ आणि दुसरीकडे 4e⁻ असेल, तर पदार्थांचं प्रमाण काढण्याआधी पहिलं समीकरण दुप्पट करायचं.

हाच प्रयोग बराच वेळ चालू ठेवला आणि Cu²⁺ जवळपास संपले, की ऋणाग्रावरही बुडबुडे येऊ लागतात. तो हायड्रोजन. नियम मोडला असं नाही, हजेरीपटातलं एक नाव गेलं.

आता फक्त एक शब्द बदला: कार्बनऐवजी तांब्याचे इलेक्ट्रोड. ऋणाग्रावर तेच तांबं. पण धनाग्रावर आता इलेक्ट्रोडचं तांबं आणि पाणी यांत तुलना होते, आणि तांबं जिंकतं:

Cu → Cu²⁺ + 2e⁻

कारण: 'पाण्यापेक्षा इलेक्ट्रोडमधलं तांबं सहज इलेक्ट्रॉन देतं, म्हणून ते विरघळतं; ऑक्सिजन सुटत नाही.' तितकाच प्रवाह तितकाच वेळ सोडला तर धनाग्र ६३.५ मिलिग्रॅमने हलका होतो, ऋणाग्र तेवढाच जड होतो, आणि द्रावणाचा निळा रंग आहे तसा राहतो. परीक्षेत 'द्रावणाच्या रंगात बदल झाला नाही' असं वाक्य दिसलं की इलेक्ट्रोड तांब्याचे असणार, असा अंदाज बांधता येतो.

तांब्याचं शुद्धीकरण याच क्रियेवर चालतं. अशुद्ध तांब्याची जाड पट्टी धनाग्र, शुद्ध तांब्याचा पातळ पत्रा ऋणाग्र, मध्ये आम्ल घातलेलं मोरचुदाचं द्रावण. अशुद्ध पट्टीतलं जस्त, लोखंड तांब्यापेक्षाही सहज विरघळतात, पण Cu²⁺ भरपूर असताना त्यांचे आयन परत ऋणाग्रावर जमू शकत नाहीत, द्रावणातच राहतात. चांदी, सोनं तांब्यापेक्षा नाखुशीने इलेक्ट्रॉन देतात, म्हणून विरघळत नाहीत, धनाग्राखाली गाळ होऊन बसतात. तुलनेचं तेच वाक्य इथे तीनदा लावलं, एवढंच.

मीठ: जिथे आकडे वेगळं सांगतात

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. हजेरीपट: Na⁺, Cl⁻, H₂O.

ऋणाग्र सोपा आहे. Na⁺ ला इलेक्ट्रॉन घेणं फार अवघड, म्हणून पाणी घेतं:

2H₂O + 2e⁻ → H₂ + 2OH⁻

'Na⁺ पेक्षा पाणी सहज इलेक्ट्रॉन घेतं, म्हणून हायड्रोजन.' चुकून सोडिअम तयार झालाच असता, तरी तो पाण्याशी लगेच क्रिया करून हायड्रोजनच देता झाला असता. पण हे कारण म्हणून लिहू नका. सोडिअम तयार होऊन मग गेला असं घडत नाही, तो तयारच होत नाही.

धनाग्रावर मात्र बारावीची मुलं अडखळतात, आणि त्यांची शंका रास्त असते. प्रमाण विभवाच्या तक्त्यात Cl₂/Cl⁻ समोर १.३६ व्होल्ट आहे आणि O₂/H₂O समोर १.२३ व्होल्ट. कमी आकडा पाण्याचा. म्हणजे पाणी जास्त सहज इलेक्ट्रॉन द्यायला हवं, ऑक्सिजन मिळायला हवा. तरी संहत द्रावणातून क्लोरिन का मिळतो?

याची दोन कारणं आहेत. पहिलं असं की तक्त्यातला आकडा क्रिया किती होऊ शकते ते सांगतो, किती वेगाने होते ते नाही. पाण्यापासून ऑक्सिजन होताना दोन रेणूंचे मिळून चार इलेक्ट्रॉन काढावे लागतात, ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांशी जोडावे लागतात. इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर हे संथ गतीने होतं, आणि पुरेशा वेगाने व्हायला तक्त्यापेक्षा बराच जास्त व्होल्टेज द्यावा लागतो. क्लोरिन होताना हा जास्तीचा व्होल्टेज फार कमी लागतो. दुसरं कारण संहतीचं. Cl⁻ जितके जास्त, तितकं त्यांचं ऑक्सिडीकरण सोपं. दोन्ही मिळून ०.१३ व्होल्टची तफावत सहज भरून निघते.

म्हणून ओळ अशी: 'द्रावण संहत असून पाण्यापासून ऑक्सिजन होण्यास जास्तीचा व्होल्टेज लागतो, म्हणून पाण्याआधी Cl⁻ इलेक्ट्रॉन देतो, क्लोरिन मिळतो.' शाळेच्या पातळीवर 'Cl⁻ ची संहती जास्त असल्याने पाण्याऐवजी Cl⁻' इतकं पुरतं.

2Cl⁻ → Cl₂ + 2e⁻

अतिविरल द्रावणात मुख्यतः ऑक्सिजन मिळतो. मधल्या संहतीला दोन्ही वायू मिसळून येतात. अमुक संहतीच्या खाली ऑक्सिजन आणि वर क्लोरिन अशी रेघ मारता येत नाही, म्हणून प्रश्नात 'संहत' किंवा 'विरल' लिहिलेलं असतं.

द्रावणात काय उरलं? H⁺ ची बाजू हायड्रोजन होऊन गेली, Cl⁻ क्लोरिन होऊन गेले, उरले Na⁺ आणि OH⁻, म्हणजे सोडिअम हायड्रॉक्साइड. कॉस्टिक सोड्याचे कारखाने हेच करतात. मात्र क्लोरिन आणि हा सोडा एकत्र आले तर हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचचं द्रावण होतं, म्हणून कारखान्यात दोन्ही बाजूंच्या मध्ये पडदा ठेवतात.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर वर्गात मी असं करतो. काचेच्या उथळ वाटीत अर्धा पेला पाणी, दोन चमचे मीठ, चिमूटभर हळद. दोन पेन्सिली दोन्ही टोकांनी तासायच्या, वरची शिसं तारांनी ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडायची, खालची टोकं पाण्यात, एकमेकांपासून तीन-चार बोटं अंतरावर. शिसं म्हणजे ग्राफाइट, कार्बनच. अर्ध्या मिनिटात ऋण टोकाभोवती पिवळं पाणी तांबूस व्हायला लागतं, पायावर कुंकवाचं पाणी सांडावं तसं. हळदीला आम्लारीची खूण पटली. साबणाच्या पाण्याने हळदीचा डाग लाल होतो, तेच इथे घडतं. धन टोकाच्या बुडबुड्यांवर ओला निळा लिटमस धरला तर तो आधी तांबडा होतो आणि मग पांढरा पडतो. तो पांढरा पडणं ही क्लोरिनची खूण. ऑक्सिजन असता तर रंग उडाला नसता.

दोन-तीन मिनिटांत बॅटरी काढायची, खिडकी उघडी ठेवायची, वाटीवर नाक नेऊन वास घ्यायचा नाही. घरातल्या विजेच्या सॉकेटला काहीही जोडायचं नाही. आणि शिशाऐवजी खिळा किंवा स्टीलचा चमचा लावायचा नाही. धन टोकाला लोखंड लावलं तर ते स्वतःच विरघळतं, वाटीत हिरवट-तपकिरी गाळ होतो आणि क्लोरिनचा पत्ता नसतो. स्टेनलेस स्टील तर त्याहून वाईट, कारण त्यातून क्रोमिअमची विषारी संयुगं पाण्यात येऊ शकतात. 'धनाग्राकडे आधी बघा' या पायरीचं महत्त्व ज्याला पटत नाही, त्याला खिळ्याची ही गोष्ट सांगावी.

आता तुम्ही सोडवा

उत्तर झाकून ठेवा, हजेरीपट लिहा, मग पडताळा. इलेक्ट्रोड सगळीकडे कार्बनचे.

सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण. ऋणाग्रावर चांदी, कारण पाण्यापेक्षा Ag⁺ सहज इलेक्ट्रॉन घेतो. धनाग्रावर ऑक्सिजन, कारण NO₃⁻ पेक्षा पाणी सहज इलेक्ट्रॉन देतं. हे मोरचुदाचं जुळं भावंडच.

विरल सल्फ्युरिक आम्ल. ऋणाग्रावर हायड्रोजन, धनाग्रावर ऑक्सिजन, आकारमानाने साधारण २:१. इथे ऋणाग्राची ओळ लिहिताना दुसरं नाव सापडत नाही, कारण दुसरा धन आयन नाहीच. मग तेच लिहायचं: 'H⁺ शिवाय दुसरा धन आयन नाही, म्हणून हायड्रोजन.' धनाग्रावर 'SO₄²⁻ पेक्षा पाणी'. विरल शब्दावर बोट ठेवा. संहत आणि थंड सल्फ्युरिक आम्लात सल्फेटचं ऑक्सिडीकरण होऊन पेरसल्फेट मिळू शकतं, आणि तो वेगळा प्रश्न आहे. प्रत्यक्षात कार्बन वापरला तर ऑक्सिजन थोडा कमी भरतो, कारण त्यातला काही इलेक्ट्रोडच्याच कार्बनशी क्रिया करून कार्बन डायऑक्साइड होतो. मोजमाप करायचं असेल तर प्लॅटिनम घ्यावं.

पोटॅशिअम आयोडाइडचं द्रावण. ऋणाग्रावर हायड्रोजन, 'K⁺ पेक्षा पाणी'. धनाग्रावर आयोडीन, 'पाण्यापेक्षा I⁻ सहज इलेक्ट्रॉन देतो'. इथे आकड्यांचीही तक्रार नाही. I₂/I⁻ चं मूल्य ०.५४ व्होल्ट, पाण्यापेक्षा बरंच कमी. म्हणून विरल द्रावणातही आयोडीनच. धनाग्राभोवती तपकिरी रंग पसरतो, आणि बटाट्याच्या फोडीचं पाणी त्यात टाकलं तर निळं-काळं होतं.

मॅग्नेशिअम क्लोराइड, एकदा वितळलेलं आणि एकदा संहत जलीय. वितळलेल्यात मॅग्नेशिअम आणि क्लोरिन, कारण दोनच आयन आहेत. जलीयमध्ये हायड्रोजन आणि क्लोरिन. हा प्रश्न मुद्दाम जोडीने सोडवा. एकाच क्षाराच्या ऋणाग्रावर दोन वेगळी उत्तरं एकाखाली एक लिहिली की पाणी विसरण्याची सवय सुटते.

मधले धातू

आता झिंक सल्फेटचं द्रावण. शाळेच्या नियमाप्रमाणे जस्त हायड्रोजनच्या वर, म्हणून हायड्रोजन. पण राजस्थानातल्या देबारीच्या कारखान्यात झिंक सल्फेटच्या द्रावणातूनच ऋणाग्रावर जस्त जमवतात, आणि ते द्रावणही आम्लधर्मी असतं.

इथे मिठाच्या धनाग्रावर जे पाहिलं तेच ऋणाग्रावर घडतंय. जस्ताच्या पृष्ठभागावर हायड्रोजन फार संथपणे तयार होतो, त्याला जास्तीचा व्होल्टेज लागतो. Zn²⁺ भरपूर असतील तर तेवढ्यात जस्त जमून जातं. यासाठी द्रावण अतिशय शुद्ध लागतं. काही धातूंचा अगदी अल्प अंश ऋणाग्रावर बसला, तर तिथे हायड्रोजन सहज सुटू लागतो आणि जमलेलं जस्त परत विरघळतं.

मग उत्तरपत्रिकेत काय लिहायचं? दहावीपर्यंत किंवा 'विरल' म्हटलं असेल तर 'Zn²⁺ पेक्षा पाणी सहज इलेक्ट्रॉन घेतं, म्हणून हायड्रोजन'. 'संहत' म्हटलं असेल किंवा मुलामा देण्याचा संदर्भ असेल तर जस्त, आणि कारणात जास्तीच्या व्होल्टेजचा उल्लेख. निकेल आणि शिशाचंही असंच. सोडिअम, ॲल्युमिनिअमला मात्र ही सवलत नाही. त्यांचे आकडे इतके दूर आहेत की साध्या इलेक्ट्रोडवर जास्तीचा व्होल्टेज ती दरी भरत नाही. सोडिअमला एकच वाट सापडते, ती म्हणजे पाऱ्याचं ऋणाग्र. तिथे सोडिअम पाऱ्यात विरघळतो. म्हणून प्रश्नात 'पारा' दिसला की थांबून विचार करा.

एक गोष्ट नावांविषयी. आपल्या 'धनाग्र' आणि 'ऋणाग्र' या शब्दांतच चिन्ह आहे, आणि विद्युत अपघटनात ते अगदी बरोबर बसतं. पुढे विद्युत घट शिकताना मात्र ऑक्सिडीकरण ज्या इलेक्ट्रोडवर होतं तो ऋण असतो. तेव्हा चिन्हावरून न ठरवता ऑक्सिडीकरण कुठे आणि क्षपण कुठे, यावरून ठरवा.

शेवटचा प्रश्न, मिश्रणाचा

मोरचूद आणि मीठ दोन्ही संहत प्रमाणात एकाच पाण्यात, कार्बनचे इलेक्ट्रोड.

हजेरीपट जरा लांब: Cu²⁺, Na⁺, SO₄²⁻, Cl⁻, H₂O. ऋणाग्रावर तीन उमेदवार आहेत. सगळ्यात सहज इलेक्ट्रॉन घेणारा Cu²⁺, त्यामागे पाणी, सगळ्यात मागे Na⁺. धनाग्रावर Cl⁻, मग पाणी, मग SO₄²⁻.

ऋणाग्रावर तांबं: 'पाणी आणि Na⁺ यांपेक्षा Cu²⁺ सहज इलेक्ट्रॉन घेतो.' धनाग्रावर क्लोरिन: 'Cl⁻ ची संहती जास्त, म्हणून पाणी आणि SO₄²⁻ यांआधी Cl⁻ इलेक्ट्रॉन देतो.'

तांबं आधी संपलं तर ऋणाग्रावर हायड्रोजन सुटू लागेल आणि तिथलं पाणी आम्लारिधर्मी होईल. क्लोराइड आधी संपलं तर धनाग्रावर ऑक्सिजन सुटेल आणि तिथलं पाणी आम्लधर्मी होईल. Na⁺ आणि SO₄²⁻ शेवटपर्यंत तसेच राहतात.

आता हेच मिश्रण तांब्याचे इलेक्ट्रोड लावून सोडवा. ऋणाग्राची ओळ तीच राहील. धनाग्राच्या ओळीत क्लोरिन येणार नाही, आणि तिथे कोणाचं नाव येईल हे आता तुम्हाला सांगता येईल.